प्रतिक्रियेला उत्तर : ‘खरे सांगितले आणि नोकरी हुकली’

प्रतिक्रिया : «तुम्ही लिहिलंत, मुलाखतीत ‘तुमची कमजोरी काय?’ असं विचारलं तर खरी सांगा. रत्नागिरीजवळच्या एका आंबा प्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता पर्यवेक्षकाच्या मुलाखतीत मी सांगितलं, ‘माझ्या नोंदी वेळेवर होत नाहीत.’ तिघांचेही चेहरे उतरले. यापेक्षा ‘मी फार मेहनत करतो’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं.»

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे, कारण माझ्या लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली होती. खरी कमजोरी सांगायची म्हणजे मनात पहिली येईल ती सांगायची, असे नाही. आपल्या तीन-चार खऱ्या उणिवांपैकी जी त्या पदाच्या मूळ कामाच्याच आड येते ती बाजूला ठेवावी लागते. गुणवत्ता पर्यवेक्षकाने पाश्चरायझरचे तापमान त्या-त्या वेळी नोंदवले नाही, तर तो लॉट सुरक्षित होता हे नंतर कोणालाच दाखवता येत नाही. म्हणून तुमचे वाक्य ऐकताच गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांचा निर्णय बहुधा तिथेच झाला असावा.

‘मेहनत’ मात्र तुम्हाला तारणार नव्हती. पॅनेलमध्ये कमजोरीचा प्रश्न बहुतेकदा मनुष्यबळ अधिकारी विचारतात, पण पुढचा प्रश्न विभागप्रमुखांचा असतो : ‘त्यामुळे कधी, कोणाचे नुकसान झाले?’ बनावट कमजोरीला याचे उत्तर नसते. शिवाय आपल्याकडे हंगामी माणसे या कारखान्यातून त्या कारखान्यात जातात. चौकशी एका फोनवर होते.

समजा, तुमची दुसरी खरी उणीव अशी आहे की, संगणकावर महिन्याचा गोषवारा करायला तुम्हाला फार वेळ लागतो. मग उत्तर असे देता येईल : ‘गेल्या हंगामात पहिल्या गोषवाऱ्याला मला दोन दिवस लागले आणि तो उशिरा गेला. त्यानंतर मी रोज शिफ्ट संपताना त्या दिवसाचे आकडे भरू लागलो. आता अर्ध्या दिवसात काम होते. आलेख काढताना मात्र अजून सहकाऱ्याची मदत घेतो.’ शेवटचे वाक्य गाळू नका, कारण उणीव पूर्ण गेली असे म्हटले की ऐकणाऱ्याला ती मुळात होती का, असा संशय येतो. हे सारे मिनिटभरात संपते. त्यापुढे बोलत राहिलात तर सफाई दिल्यासारखे वाटते.

राहिला नोंदींचा प्रश्न. त्याविषयी कोणी थेट विचारले तर लपवू नका, पण तिथे नुसती कबुली पुरत नाही, सवय बदलल्याचे दाखवावे लागते : नोंदवही टेबलावर न ठेवता यंत्राजवळ ठेवली, आणि चुकलेली नोंद मागच्या वेळेने न भरता ‘उशिरा नोंद’ असे लिहून, लिहिल्याची खरी वेळ टाकून सही केली. हे तुम्ही अजून करत नसाल, तर पुढच्या मुलाखतीआधी, आहात तिथेच महिनाभर करून पाहा.