ठुशी बोट नेकवर का चढते? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "ताई, तुमचा लेख वाचून पैठणीच्या ब्लाउजचा सात इंचांचा गोल गळा बदलून साडेतीन इंचांचा बोट नेक करून घेतला. त्यावर नेहमीची ठुशी घातली तर गळा आवळल्यासारखा दिसून राहिला, अन् झुमके खांद्यावर अडकतात. गळा बदलला की दागिनेही नवे घ्या, असंच म्हणायचं आहे का? सोन्याचा भाव माहीत आहे ना?"

ताई, नवं काही घेऊ नका. आणि ठुशी मी त्या लेखात खोल गळ्यासाठी सुचवली होती, बोट नेकसाठी नाही. ती तुमच्या नव्या गळ्यावर का बसत नाही, ते तुम्ही दिलेल्या मापांतच आहे.

ब्लाउजच्या पुढच्या गळ्याची खोली खांद्यापासून मोजतात. बहुतेकींच्या मानेखालची खळगी खांद्यापासून साधारण तीन इंच खाली येते. सात इंचांच्या गळ्यात खळगीखाली चारेक इंच मोकळी त्वचा राहायची आणि ठुशी तिच्यावर ऐटीत बसायची. आता उरला जेमतेम अर्धा इंच. ठुशीची रुंदीच त्याहून जास्त, म्हणून तिची खालची कड पाइपिंगवर चढते. अर्धी अंगावर, अर्धी कापडावर. आवळल्यासारखं दिसतं ते यामुळे, आणि शिवाय ठुशीचे मणी जरीला घासून धागे ओढतात ते वेगळंच.

माझा एकच आडाखा आहे : दागिन्याची कड आणि गळ्याची कड यांत किमान दोन बोटं अंतर हवं. दागिना कडेच्या स्पष्ट वर हवा किंवा स्पष्ट खाली. कडेवर नको.

वर न्यायचा तर ठुशीचा गोंडा ओढून ती मानेच्या मध्यावर, चिंचपेटीसारखी बसवून पाहा. मात्र आत एक बोट सहज जायला हवं आणि घोट गिळताना टोचता कामा नये. मान आखूड असेल तर हा नाद सोडा. लग्न मे महिन्यात असेल तर मी तर सोडाच म्हणेन. नागपूरच्या त्या उन्हात घामेजलेल्या मानेवर आवळलेली ठुशी दोन तासही सहन होत नाही.

काही जणी उलटं करतात, दोरा वाढवून ठुशी खाली सोडतात. ते करू नका. ठुशी गळ्याला धरून बसायलाच गुंफलेली असते. खाली सोडली की मधोमध टोक येऊन ती दुमडते आणि मानेच्या दोन्ही बाजूंना नुसता दोरा दिसतो.

त्यापेक्षा घरातली मोहनमाळ किंवा बोरमाळ काढा. लांबी ठरवायला ब्लाउज आणि साडी नेसून, पदर पिनअप करून आरशासमोर उभ्या राहा आणि साधा दोरा गळ्यात सोडा. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायची. गळा वर आणायला शिंप्याने वरून कापड जोडलं असणार, म्हणजे जुन्या गळ्याच्या जागी जोडाची शिवण आली असेल. माळेचं टोक नेमकं त्या शिवणीवर टेकलं तर माळ वाटतच नाही, ब्लाउजला लावलेली लेस वाटते. तेव्हा दोरा शिवणीच्या दोन बोटं खाली येऊ द्या, तिथे खूण करा आणि त्या मापाशी माळ जुळवून पाहा. थोडी आखूड पडली तर इतवारीच्या सराफ्यात मागे कडी-साखळी जोडून मिळेल. जोड मागेच द्या, पुढची गुंफण उसवू नका. आणि माळ पदराच्या वरून घ्या. अर्धी पदराखाली गेली की ती डाव्या बाजूला ओढली जाते आणि दर पाच मिनिटांनी सरळ करावी लागते.

आता झुमके. बोट नेकची कड खांद्यापर्यंत पसरलेली असते, त्यामुळे लांब झुमक्याला पूर्वी त्वचा लागायची तिथे आता जरीचं कापड लागतं. कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंतचं अंतर मान थोडी कलती करून मोजा, कारण अडकतात ते तेव्हाच. त्यातून दोन बोटं वजा केली की उरेल तेवढीच लांबी चालते. तुमच्या झुमक्याचं वरचं फूल आणि खालची घंटी कडीने जोडलेली असेल तर घंटी काढून नुसतं फूल घाला. नसेल तर मोत्याच्या कुड्या. मान मोकळी राहणार असल्याने वर कानाला बुगडी असेल तर जरूर घाला. चेहऱ्याजवळ काहीतरी हवंच. वेलाने मात्र इथे काम भागत नाही. त्याने झुमक्याचं वजन केसांवर जातं, लांबी तेवढीच राहते.

आणि ठुशी कपाटात पडून राहील म्हणून हळहळू नका. खोल गळ्याचा दुसरा एखादा ब्लाउज असेलच की.