‘फोनही कुणी उचलत नाही’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

प्रतिक्रिया:
‘लेख वाचला. टेबलाशी बसून सल्ला देणे सोपे असते. वादात नसलेली रक्कम एकदा पदरात पडली, की उरलेल्या रकमेसाठी पुरवठादाराचा फोनही कुणी उचलत नाही, हे मी खरेदी विभागात बावीस वर्षे पाहिले आहे. शिवाय आमच्या सिस्टीममध्ये बिल अडकले की अख्खे अडकते, त्याचे तुकडे होत नाहीत. जीएसटीचा घोळ वेगळाच. आणि ४५ दिवसांचा नियम सरसकट लागू नसतो, एवढे तरी तपासून लिहायचे होते.’

उत्तर:

स. न. वि. वि.

मालाबद्दल वाद झाला तर वादात नसलेली रक्कम पुरवठादाराने आधी घ्यावी आणि वाद उरलेल्या रकमेपुरताच ठेवावा, हा माझ्या मूळ लेखातला सल्ला होता. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोन दिवस तशीच ठेवली होती, कारण तिच्या दुसऱ्याच वाक्याने जे लागले ते उत्तरात उतरू नये अशी इच्छा होती. ते पूर्णपणे साधेल असे मला वाटत नाही. ज्या माणसाला आपण टेबलाशी बसलेला म्हणता, त्याने शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षांहून अधिक काळ स्वतःचे मशीन शॉप चालवले आहे, माल टेम्पोत भरून खरेदीदाराच्या गेटवर नेला आहे आणि बिल निघावे म्हणून लेखा विभागाच्या दारापाशी कित्येक दुपारी बसून काढल्या आहेत. त्या दाराच्या आतल्या बाजूला आपण बावीस वर्षे होता. त्या अनुभवाचा मी आदर करतो. पण बाहेरच्या बाजूचा अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही.

आपला एक मुद्दा बरोबर आहे आणि तो मी आधीच मान्य करतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ याच्या कलम १५ प्रमाणे ४५ दिवस ही लेखी करार असताना पुरवठादाराचे पैसे देण्याची कमाल मर्यादा आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांचीच मुदत मिळते. मी ४५ दिवस सरसकट लिहिले, ती माझी चूक. ती चूक पुरवठादाराच्या नुकसानीची होती, म्हणून अधिक खेद वाटतो.

आता फोनच्या वाक्याकडे येतो. आपण जे पाहिले ते खरे असेल, पण त्याचे कारण आपण चुकीचे लावले आहे. उरलेली रक्कम बुडते ती बहुतेक वेळा नेमका वाद किती नगांचा, कोणत्या दोषाचा, तपासणी कोण व कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे कुठेही लिहिलेले नसते म्हणून. नुसते ‘तुमच्या मालात रिजेक्शन आहे, बघू’ एवढ्यावर थांबलेला वाद पूर्ण बिल अडवले तरी सुटत नाही आणि अर्धे दिले तरी सुटत नाही.

२०१९ सालचे माझे एक बिल सांगतो. ३० मिलीमीटर भोकाच्या ४,००० बुश, दर १०० रुपये, म्हणजे चार लाख आणि १८ टक्के जीएसटी धरून ४,७२,००० रुपये. माल ३ मार्चला पोहोचला. लेखी करारातली ४५ दिवसांची मुदत १७ एप्रिलला संपत होती. ११ मार्चला खरेदीदाराच्या गुणवत्ता विभागाचा मेल आला, की भोक मोठे असल्यामुळे माल नाकारण्यात येत आहे आणि बिल थांबवले आहे. किती नग, याचा मेलमध्ये उल्लेख नव्हता. मी पहिला प्रश्न तोच विचारला. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे: ज्याची तक्रार खरी असते तो एक-दोन दिवसांत आकडा सांगतो, आणि ज्याला केवळ पैसे लांबवायचे असतात तो आकडा सांगतच नाही. इथे आकडा आला, ३२० नग. उरलेले ३,६८० नग तोवर त्यांच्या लाइनवर बसूही लागले होते.

हिशेब मग सरळ होता. ३२० नगांचे जीएसटीसह ३७,७६० रुपये वादात आणि ४,३४,२४० रुपये वादाबाहेर. मी १३ मार्चला पाठवलेला मेल जवळजवळ जसाच्या तसा देतो, कारण मूळ लेखात तो न दिल्यामुळे कदाचित आपला गैरसमज झाला असावा:

‘आपल्या ११ मार्चच्या मेलमधील तक्रार ३२० नगांपुरती असल्याची नोंद घेतली. या नगांची रक्कम रु. ३७,७६० तपासणी पूर्ण होईपर्यंत रोखून ठेवण्यास आमची हरकत नाही. मात्र ही रक्कम आम्ही सोडून दिलेली नाही. उर्वरित ३,६८० नगांबद्दल तक्रार नसल्यामुळे रु. ४,३४,२४० कृपया १७ एप्रिलपर्यंत अदा करावेत. ही रक्कम आम्ही बिलापोटी अंशतः भरणा म्हणून जमा करू. ३२० नग वेगळे ठेवावेत, रिवर्क किंवा स्क्रॅप करू नयेत, आणि संयुक्त तपासणीची तारीख कळवावी.’

यात विनवणी नाही आणि धमकीही नाही. ‘रोखून ठेवण्यास हरकत नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घालतो, कारण खरेदी अधिकाऱ्याला वरिष्ठांसमोर दाखवायला काहीतरी लागते आणि वादातली रक्कम त्याच्याच हातात राहिलेली असते. आपल्या फोनच्या वाक्याचा अर्थ असा होतो, की पूर्ण रक्कम अडकलेली असली तरच पुरवठादाराचा दबाव टिकतो. कसला दबाव? माल त्यांच्याकडे, त्यातला बराचसा वापरलेला, पैसेही त्यांच्याकडे. त्या काळात माझ्याकडे फक्त बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावरचे वाढते व्याज होते. स्वतःचे साडेचार लाख अडकवून कुणावर दबाव येतो, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाने लिहावे याचे मला खरोखर आश्चर्य वाटले.

पैसे २२ एप्रिलला आले, पाच दिवस उशिरा. त्यानंतर फोन उचलला गेला की नाही, हाच आपला आक्षेप आहे, म्हणून पुढचे सविस्तर सांगतो. ६ मेला त्यांच्याच तपासणी कक्षात आम्ही ३२० नग एअर गेजवर मोजले. भोकाची कमाल मर्यादा ३०.०२१ मिलीमीटर होती, आणि ‘नो गो’ प्लग गेज भोकात शिरला तर भोक मोठे समजतात. त्यांचा ‘नो गो’ प्लग गेज मास्टरशी ताडून पाहिला तेव्हा तो झिजून ३०.०१४ वर आलेला निघाला. झिजलेला ‘नो गो’ चांगल्या भोकातही शिरतो आणि चांगला नग नापास होतो. १९० नग मर्यादेत होते. १३० नग खरोखरच मोठे होते, कारण आमच्याकडे एका शिफ्टमध्ये इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट चुकीचा भरला गेला होता. १३० नगांची १५,३४० रुपयांची क्रेडिट नोट मी त्याच आठवड्यात दिली आणि १९० नगांचे २२,४२० रुपये जूनच्या भरण्यात आले. पूर्ण बिल अडून राहिले असते, तर ते नग कुणी वेगळे ठेवले असते आणि तो गेज कुणी तपासला असता?

आपल्या वाक्यात एक खरा धोका दडलेला आहे, मात्र तो आपण सांगितलेला नाही. तो मी सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. २०१४ साली एका दुसऱ्या खरेदीदाराने अशीच रक्कम पाठवली आणि सोबतच्या मेलमध्ये ‘पूर्ण व अंतिम हिशेबापोटी’ असे लिहिले. मी ‘रक्कम मिळाली, धन्यवाद’ असे उत्तर दिले. उरलेले ६१,००० रुपये मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझाच मेल पुढे केला. भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम ६३ असे आहे, की येणेकऱ्याने कमी रक्कम संपूर्ण देण्याच्या फेडीपोटी स्वीकारली तर देणे संपते. कायद्यातल्याच उदाहरणात ५,००० रुपयांचे देणे २,००० रुपये स्वीकारल्याने मिटलेले आहे. म्हणून ‘अंशतः भरणा’ हे शब्द रक्कम येण्याआधीच लिहून ठेवावे लागतात, आणि समोरून ‘अंतिम’ हा शब्द आला तर त्याच दिवशी लेखी नकार द्यावा लागतो. वादात नसलेले पैसे घेतल्यामुळे माझे ते ६१,००० बुडाले नाहीत. ते माझ्या एका बेसावध ओळीमुळे बुडाले.

उलट, समोरच्याने ‘फक्त ३२० नगांबद्दल तक्रार आहे’ असे एकदा लिहिले, की उरलेली रक्कम त्याने लेखी कबूल केल्यासारखे होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२, नियम ६ प्रमाणे न्यायालय बाकीच्या वादाची वाट न पाहता कबुलीपुरता निकाल देऊ शकते. कोर्टात जायची वेळ माझ्यावर आली नाही, पण कबुली लेखी असल्याने बोलण्याचा सूर बदलतो हे मी अनेकदा पाहिले आहे.

सिस्टीमबद्दल फार लिहीत नाही. बिल अडते ते ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन आणि बिल यांतले नग जुळत नाहीत म्हणून; स्वीकारलेल्या नगांपुरता जीआरएन करून त्या बिलावर अंशतः भरणा करता येतो आणि अनेक कंपन्यांत तो रोज होतो. ‘सिस्टीममध्ये होत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते माणसाचे मत आहे की संगणकाचे, हे आता विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. आपल्यालाही तेच विचारतो.

जीएसटीचा ‘घोळ’ही आपण समजता तेवढा नाही. बिल पूर्ण रकमेचेच राहते, तपासणी झाल्यावर सिद्ध झालेल्या दोषापुरतीच क्रेडिट नोट निघते, आणि तिच्यावरचा कर कमी करून घेण्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या जास्तीत जास्त ३० नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो. ‘आधी वादातल्या पूर्ण रकमेची क्रेडिट नोट द्या, मग उरलेले सोडतो’ ही मागणी मात्र कधीही मान्य करू नये, कारण तपासणीआधीच दोष कबूल केल्यासारखे होते. माझ्या बाबतीत त्यात १९० चांगले नग गेले असते. खरेदीदारालाही बिल लोंबकळत ठेवणे परवडत नाही: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात त्याला घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह परत करावे लागते आणि ते पैसे दिल्यावरच पुन्हा घेता येते.

४५ दिवसांबद्दलची दुरुस्ती मूळ लेखात आज केली आहे आणि वरचा मेलही तिथे जोडला आहे. आपल्या विभागात अंशतः भरणा नेमका कोणत्या पायरीवर अडत असे, हे आपण लिहिलेत तर मी ते जरूर वाचेन. फक्त या वेळी माझ्याबद्दल न लिहिता त्या पायरीबद्दल लिहावे.