‘ये क्या हो रहा है?’ नक्की कोणाचं?

“‘ये जो है जिंदगी’मधला ‘ये क्या हो रहा है?’ हा अजरामर डायलॉग सतीश शाहांचा. दर भागात ते बॉस बनून यायचे आणि हेच म्हणायचे. खोटं वाटत असेल तर मालिका तेव्हा पाहिलेल्या घरातल्या ज्येष्ठांना विचारा!”

नाही. हे वाक्य टिकू तलसानियांचं. १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या या मालिकेत रणजीत (शफी इनामदार), रेणू (स्वरूप संपत) आणि तिचा भाऊ राजा (राकेश बेदी) हे घरचे त्रिकूट होते. रणजीतचा साहेब म्हणजे तलसानिया. समोरचा गोंधळ पाहून साहेबाने ओरडायचं, हा त्यांचा ठरलेला प्रसंग. छोट्या पडद्यावरची त्यांची ओळख इथूनच झाली.

सतीश शाह दर भागात बॉस होते, हे तर मालिकेच्या रचनेच्याच विरुद्ध आहे. त्यांचं वैशिष्ट्य होतं ते दर भागात वेगळा माणूस होऊन येण्याचं. वेश वेगळा, बोलण्याची ढब वेगळी, धंदा वेगळा. साहेबाची खुर्ची त्यांना कायमची दिली असती, तर शरद जोशींनी लिहिलेली ही गंमतच संपली असती. त्यांच्या तोंडी एक वाक्य मात्र खरोखर बसलेलं होतं: ‘थर्टी इयर्स का एक्सपिरियन्स है!’ कोणत्याही धंद्यातल्या माणसाला ते शोभतं, म्हणून भूमिका बदलली तरी चालून जायचं. ‘ये क्या हो रहा है?’ला मात्र रोज तोच माणूस, तोच अधिकार लागतो.

राहिला ज्येष्ठांना विचारण्याचा मुद्दा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शाह गेले. त्यानंतर हा संदेश आमच्याही घरी आला आणि माझ्या सासऱ्यांचं नि माझ्या मुलाचं भांडणच झालं.

“हे सतीश शाहचंच,” सासरे म्हणाले. “मी पाहिलंय ना! आमच्या चाळीत एकच टीव्ही होता. सगळे तिथे जमायचे.”

“आजोबा, हा डायलॉग टिकू तलसानियांचा आहे. मी क्लिप पाहिलीय.”

“तुझ्या त्या तुकड्यांवर जाऊ नकोस. तू जन्मला नव्हतास.”

“जन्मलो नव्हतो म्हणून माणूस बदलतो का? आणि सतीश शाहांचा तर त्यात ठरलेला डायलॉगच नव्हता.”

“नव्हता?” सासरे उसळले. “थर्टी इयर्स का एक्सपिरियन्स कोणाचा मग? तुझ्या काकाचा?”

मुलगा गप्प झाला. मी सासऱ्यांना म्हटलं, “बाबा, ते दुसरं वाक्य म्हणून दाखवा ना, अगदी टीव्हीवर म्हणायचे तसं.” त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, आवाज चढवला आणि ‘ये क्याऽऽ हो रहा है?’ म्हणाले. ताणलेला, कातावलेला तो सूर हुबेहूब तलसानियांचा होता. “हे कोणाला उद्देशून?” मी विचारलं. “रणजीतला. घरात धुमाकूळ चाललेला नि दारात त्याचा साहेब...” ते थांबले. “आणि त्याच भागात सतीश शाह काय झाला होता?” “तो निराळाच कोणीतरी. तो तर दर वेळी निराळाच असायचा.” मग क्लिप लावली, तेव्हा भांडायला काही उरलं नव्हतं.

आठवणीचे घोटाळे असेच होतात. मानसशास्त्रात याला स्रोताची गल्लत म्हणतात: ऐकलेलं लक्षात राहतं, ते कोणाकडून आलं हे सुटतं, आणि मोकळ्या जागी त्या मालिकेतला सर्वांत प्रसिद्ध चेहरा जाऊन बसतो. सतीश शाहांचं नाव पुढे ‘साराभाई वर्सेस साराभाई’मुळे आणखी मोठं झालं, मग ही ओढ वाढणारच. सासऱ्यांच्या आठवणीत सूर, प्रसंग, समोरचा माणूस सगळं शाबूत होतं. चुकलं ते फक्त नाव. म्हणून ज्येष्ठांना जरूर विचारा, पण ‘कोण म्हणालं?’ एवढंच विचारू नका. कोण दारात होतं, कोणावर ओरडला, पुढे काय झालं, तेही विचारा, आणि मग तो भाग लावून पाहा. शिवाय क्लिप पाहणाऱ्या नातवालाही सगळं कळलेलं असतं असं नाही. आमच्याकडच्याला अर्धंच ठाऊक होतं, कारण त्याच्यापर्यंत आलेल्या तुकड्यांत ते ‘थर्टी इयर्स’ नव्हतंच.

हा संदेश आपल्याला आला असेल, तर कृपया पुढे पाठवताना नाव दुरुस्त करा. सतीश शाहांच्या आठवणीसाठी त्यांचंच वाक्य वापरा. तलसानियांचं त्यांना द्यायची गरज नाही.