आरोप केला की प्रोजेक्शन झालं?

"जो तुमच्यावर आरोप करतो तो स्वतःच तसा असतो, हे प्रोजेक्शन. आजार मान्य न करणारा खोटं बोलत असतो, हे डिनायल. राग घरच्यांवर निघाला तर निघू द्यावा, मन मोकळं होतं, हे डिस्प्लेसमेंट. ज्याच्यात हे तीन दिसतात तो मनानं कच्चा."
(गल्लीच्या ग्रुपवरून फिरत आलेला मेसेज)

हे तिन्ही शब्द मनाच्या संरक्षण यंत्रणांचे, म्हणजे जे पेलवत नाही ते स्वतःपासून दूर ठेवायच्या मनाच्या पद्धतींचे. खरी गोम मेसेजच्या पहिल्या वाक्यात आहे, म्हणून तिथंच जास्त थांबतो. आरोप खराही असू शकतो, एवढी साधी शक्यता त्यात धरलेलीच नाही.

समजा, शाहूपुरीत गुळाची अडत चालवणारे दोन भाऊ आहेत. थोरला सारखा धाकट्याला ऐकवतो, "तुला वाटणी पायजे, तोंडानं बोलत न्हाईस एवढंच." धाकट्यानं गुपचूप वेगळं खातं उघडलं असेल, पेढीच्या वह्यांच्या झेरॉक्स काढल्या असतील, तर थोरला जे दिसतंय तेच बोलतोय. त्यात मानसशास्त्र शोधायची गरज नाही.

प्रोजेक्शन म्हणायचं तर वाटणीची इच्छा थोरल्याच्याच मनात असावी लागते, आणि ती त्याला स्वतःशीही कबूल करता येत नसावी. वडील गेल्यावर "दुकान फुटू देणार नाही" असा शब्द त्यानं आईला दिलाय, दुसऱ्यांच्या भाऊबंदकीला नावं ठेवण्यात हयात गेलीय. अशा माणसाला ती इच्छा आपली म्हणून पेलवत नाही, मग ती भावाच्या डोक्यात दिसायला लागते. हे ओळखायचं कसं? धाकट्यानं सगळा हिशेब उघडून दाखवला तरी संशय विरत नाही, फक्त जागा बदलतो. विषय दरवेळी थोरलाच काढतो. आणि कुठलं गोदाम कुणाला, गाळा कुणाकडे, आईला कोण सांभाळणार, ही वाटणीची बारीकसारीक यादी त्याच्याच तोंडी तयार असते. तरीही हा अंदाजच. माणसाला पुरतं ओळखल्याशिवाय तो पक्का होत नाही, एका भांडणावरून तर नाहीच.

न्यूमन, डफ आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रयोगातून दाखवलं, की स्वतःतल्या एखाद्या नकोशा गुणाचा विचार दाबायला लावलेल्या लोकांना तोच गुण अनोळखी माणसात जास्त दिसू लागला. दाबलेला विचार मनात वर वरच राहतो, आणि समोरच्याकडे बघताना तोच आधी हाताशी येतो. 'मला वाटतं तसं सगळ्यांनाच वाटत असणार' हा आपला रोजचा समज मात्र वेगळा. त्यात लपवण्यासारखं काही नसतं, म्हणून ती संरक्षण यंत्रणा नव्हे. बाकी, झेरॉक्स काढणारा धाकटाही हा मेसेज थोरल्याला खुशाल फॉरवर्ड करू शकतो, ही त्याची सोय!

डिनायलचं म्हणाल तर खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं, इथं तेच मनापासून दूर ठेवलेलं असतं. रात्री जेवल्यावर छातीत दाब येतो, डावा हात भरून येतो, घाम फुटतो, आणि घरचा कर्ता म्हणतो, "काय न्हाई ओ, तांबडा रस्सा जरा जास्त झाला. सोडा आणा." तो तुम्हाला फसवत नसतो, त्याला खरोखर पित्तच वाटत असतं. त्या घटकेला हा नकार जिवावर बेतू शकतो, म्हणून वाद न घालता त्याला गाडीत घालावं. पण सगळा नकार सारखा नसतो. हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या १९८७ च्या एका अभ्यासात जास्त नकार करणारे अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर आले, पण पुढच्या वर्षभरात त्यांनीच उपचार कमी पाळले आणि त्यांना पुन्हा जास्त दिवस दाखल राहावं लागलं. भीती थोपवायला उपयोगी पडलेली गोष्ट पुढं गोळ्या चुकवायला लावते.

'मनानं कच्चा' हे तर अगदीच उथळ. मनोविश्लेषक ॲना फ्रॉइडनं १९३६ साली या संरक्षण यंत्रणांची नीट मांडणी केली, तीत त्या सामान्य मनाच्या रोजच्या कामकाजाचाच भाग आहेत. मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंटनं पुढं त्यांच्या पायऱ्या लावल्या, त्यात विनोदही आहे, सगळ्यात परिपक्व पायरीवर. कुठली यंत्रणा, किती वेळा आणि किती ताठरपणे वापरली जाते, ते पाहायचं असतं.

राहिलं डिस्प्लेसमेंट, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं, साहेबाला बोलता येत नाही, मग घरी आल्यावर पोराच्या हातून सांडलेल्या पाण्यावरून आरडाओरडा. पोराची चूक असते, पण रागाचं माप चुकीच्या मानानं कितीतरी मोठं असतं, आणि यावरूनच तो बाहेरून आलाय हे कळतं. मन मोकळं होतं म्हणाल, तर २००२ साली बुशमन या मानसशास्त्रज्ञानं ते तपासलं. चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारणारे शेवटी जास्त चिडलेले निघाले, काही न करता बसलेल्यांचा राग आणि आक्रमकपणा त्यांच्यापेक्षा कमी होता. म्हणजे पोरावर ओरडल्यानं साहेबाचा राग उतरत नाही. उद्या ऑफिसात साहेब तोच, आणि घरी आता दुखावलेलं पोरही.