करतो-करते एवढ्याने भागत नाही

"भेटवस्तूवर प्रेमाचं वाक्य लिहिताना बोलणारा पुरुष की स्त्री एवढं बघून करतो-करते बदललं, की वाक्य तयार."

'मी तुझ्यावर प्रेम करतो'पुरतं ठीक आहे, हिंदीतल्या 'मैं तुमसे प्यार करता हूँ'लाही चालेल. पण 'तू मला आवडतोस'मध्ये बोलणारा 'मला'त जाऊन बसतो आणि क्रियापद समोरच्या माणसाच्या लिंगाप्रमाणे चालतं. हिंदीतही तेच: 'तुम मुझे अच्छे लगते हो', 'अच्छी लगती हो'. फोंड्यात मी भेटवस्तूंच्या मजकुराची भाषांतरं करते. एका बाईंनी नवऱ्यासाठी कॉफीचा मग मागवला होता. मी बोलणारी बाई एवढंच डोक्यात धरून 'तू मला आवडतेस' लिहून दिलं आणि ते तसंच छापून आलं. तो मग अर्थातच परत आला. तेव्हापासून ऑर्डर घेताना कोण देतंय आणि कुणाला, दोन्ही विचारते.

दुकानात आयता ठेवायचा, कुणीही कुणालाही द्यावा असा मजकूर हवा असेल तर 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' लिहावं, हिंदीत 'मुझे तुमसे प्यार है'. इथे क्रियापद 'प्रेम', 'प्यार' या नामाशी जुळतं, माणसांशी नाही. 'तुझी आठवण येते'चंही तसंच, ती 'येते' आठवणीची. 'तू मला हवा आहेस' मात्र आयत्या मालावर नकोच, तिथे परत हवा-हवी येतं. आमच्या शेजारणीला ही भानगडच कळत नाही. तिच्या कोंकणीत 'हांव तुजो मोग करतां' तीही म्हणते आणि तिचा घोवही.