चिनी भाषेत अनेकवचन नाही म्हणजे मोजता येणारं-न येणारं हा फरकच नाही?

"चिनी भाषेत अनेकवचन नाही, त्यांना गाय पण पाण्यासारखीच, म्हणून मोजायला वेगळा शब्द लावतात."

नाही हो, असं नाहीये. आधी आपलंच बघा, जांभळी नाक्यावर आपण 'एक नारळ', 'दोन नारळ' म्हणतो, शब्द बदलत नाही, तरी नारळ मोजलाच जातो, पण दूध मागताना 'दोन पिशव्या' म्हणावंच लागतं.

चिनीत दोघांनाही मध्ये शब्द लागतो हे खरं, पण दोन्ही शब्द एक काम करत नाहीत. आठ गायी म्हणजे 'बा थोउ न्यिऊ', यातला थोउ म्हणजे डोकं, गाय मुळात सुटी असतेच, तो फक्त ते दाखवतो. तीन पाउंड मांस म्हणजे 'सान बांग रोउ', इथे बांग हे माप बाहेरून आणलंय, कारण मांसाला स्वतःचा नग नसतो.

आता दोन्हींत 'द' घालून बघा, आपल्या 'चा-ची-चे'सारखा. 'सान बांग द रोउ' चालतं, 'बा थोउ द न्यिऊ' कानाला खटकतं. ही कसोटी मोठ्या, अंदाजे आकड्यांना थोडी ढिली पडते, पण छोट्या नेमक्या आकड्यात फरक स्पष्ट दिसतो. तो फरक नामाच्या शेपटीत नाही, मोजणीच्या शब्दात आहे.