प्रवेश सुरू आहेत, दार शोधा

क्लासची प्रवेश-मोहीम काढताय? मग एक पथ्य पाळा. जाहिरातीवरून तुमच्या वेबसाइटच्या पानावर आलेल्या पालकाला नेमकं काय करायचंय, हे शेवटपर्यंत कळता कामा नये.

जाहिरातीत 'रविवारी मोफत डेमो लेक्चर' म्हणा आणि पान उघडलं की संचालकांचं मनोगत दाखवा. परवा भाचीच्या अकरावीसाठी असंच एक पान उघडलं. डेमोचा उल्लेख पार तळाशी, तोही बॅनरच्या चित्रात. दाबून काही होत नाही, नुसतं बघायचं.

बटणं मात्र सढळ हाताने द्या. 'आत्ताच प्रवेश घ्या', 'माहितीपत्रक', 'स्कॉलरशिप टेस्ट', 'कॉल करा', सगळी एकाच भगभगीत रंगात.

'शेवटची दहा मिनिटं' सांगणारं उलटं घड्याळ हवंच. रिफ्रेश केलं की परत दहा.

टॉपरचे फोटो लावा, पण त्याने तुमच्याकडे वर्षभराचा कोर्स केला की नुसती टेस्ट सिरीज, हे लिहू नका. हे सांगायलाच हवं, खोटी घाई लावायची नाही, असं केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. म्हणू देत.

आता फॉर्म. नाव आणि नंबरावर कोण समाधान मानतं? जन्मतारीख, बोर्ड, टक्केवारी, वडिलांचा व्यवसाय, आईचा नंबर, पिनकोड, सगळं घ्या. फोन आपणहून +91 लावून नंबर भरतो, तेव्हा 'अवैध क्रमांक' असं लाल अक्षरांत ओरडा आणि भरलेलं सगळं पुसून टाका. 'सबमिट'च्या डोक्यावर चॅटचा गोळा नाचवा. एवढं करून पोचलाच कोणी, तर 'धन्यवाद' म्हणा. लेक्चर किती वाजता, कुठे, कशाला सांगायचं? दुसऱ्या दिवसापासून फोन करा. रोज नवा माणूस, रोज तोच प्रश्न: "सर, आपण फॉर्म कशासाठी भरला होता?" अहो, कशासाठी म्हणजे? डेमोसाठी! तुमच्याच जाहिरातीतल्या!

बास झालं. डेमोला बोलवायचंय ना, मग तेवढंच करा. वरचा मेनू काढा, बाकीची बटणं काढा. जाहिरातीतलं वाक्यच मथळ्यात घ्या, खाली वार, वेळ, विषय, शिकवणारे सर कोण ते लिहा आणि एकच बटण ठेवा: 'डेमोसाठी जागा राखा'. खाली स्क्रोल केल्यावर परत द्यायचं तर हेच द्या. नाव, मोबाइल, इयत्ता, एवढंच विचारा. +91 तुमच्या प्रोग्रामरने कापायचं, पालकाने नाही. बटणाखाली एक ओळ: 'वेळ-पत्ता व्हॉट्सॲपवर येईल, फोन एकदाच करू.' आणि खरंच एकदाच करा. फी, वसतिगृह, स्कॉलरशिप यांचं बोलणं लेक्चरनंतर वर्गात होईल. आणि जाहिरातीवर पैसे ओतण्याआधी संचालकांनी स्वतः हा फॉर्म आपल्या फोनवर, वायफाय बंद करून भरावा. कुणाला विचारायचं नाही.